बाबीचे वाक्य आणि कंत्राटदाराचा दर

सरकारी बांधकामाच्या निविदेत तीन कागद हमखास असतात: नकाशा, स्पेसिफिकेशन आणि परिमाणपत्रक. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बोलीत तिसऱ्याला ‘शेड्यूल बी’ म्हणतात. एकच भिंत या तिन्ही कागदांत तीनदा येते. नकाशा तिची जागा, लांबी, जाडी आणि उंची दाखवतो. ती कोणत्या दगडाची, कोणत्या मसाल्यात, कशी बांधायची आणि कोणत्या कसोटीला उतरली म्हणजे मान्य, हे स्पेसिफिकेशन सांगते. शेड्यूल बी तिचे घनमीटर मोजून त्याच्यापुढे दराचा रकाना ठेवते. कंत्राटदार सही करतो तिन्हींवर, पण दर बसवताना त्याच्या टेबलावर बहुतेक वेळ शेड्यूल बीच उघडे असते. हातात आठवडा-दोन आठवडे असतात, एकाच वेळी चार-पाच निविदा भरायच्या असतात, आणि जव्हार-मोखाड्याच्या आतल्या पाड्यापर्यंत जागा पाहायला जाणे प्रत्येकाला जमत नाही. म्हणून नकाशात काढलेले पण शेड्यूलमध्ये न उतरलेले काम दरात येत नाही, आणि शेड्यूलमध्ये दोनदा आलेले काम दरातही दोनदा येते.

शेड्यूल बीमधली प्रत्येक बाब व्याकरणाच्या दृष्टीने एक लांबलचक वाक्य असते. ते सहसा इंग्रजीत असते, पण त्याची बांधणी कोणत्याही भाषेत ओळखू येईल अशी आहे. आधी काम येते: खोदाई, काँक्रीट, दगडी बांधकाम. मग माल आणि त्याचा दर्जा. मग जागा: पाया, जोते, पहिला मजला. त्यानंतर ‘यासह’ या शब्दाने सुरू होणारी यादी, म्हणजे दरात काय काय धरले आहे. कधी तिच्या पाठोपाठ ‘वगळून’ची यादी. शेवटी कंसात स्पेसिफिकेशनचा क्रमांक आणि पुढच्या रकान्यात एकक. महाराष्ट्राच्या राज्य दरसूचीत पायाच्या खोदाईची जी बाब आहे तिला ‘बीडी ए-१’ हा क्रमांक लागतो. साधी माती, वाळू आणि मऊ मुरूम एवढ्यापुरतीच ती आहे. पण खोदलेला माल इमारतीच्या हद्दीपलीकडे ५० मीटरपर्यंत नेऊन टाकणे, पाणी उपसणे, तळ तयार करणे, उरलेल्या जागेत भराव करून धुमसणे, गरज पडल्यास बाजूंना आधार देणे, हे सारे तिच्या पोटात असते. उचल दीड मीटरपर्यंत. म्हणजे एका घनमीटरच्या दरात पाच-सहा निरनिराळी कामे दडलेली असतात, आणि ती आहेत की नाहीत हे केवळ ‘यासह’च्या यादीवरून कळते.

या वाक्याच्या शेपटाला ‘इत्यादी सर्व कामांसह पूर्ण’ असे शब्द जोडण्याची जुनी खोड आहे. खात्याच्या बाजूने तो विमा समजला जातो: काही राहिले असेल तर ते ‘पूर्ण’मध्ये आले. व्यवहारात तो कुणाचेच रक्षण करत नाही. ज्याला स्थानिक कामाचा अनुभव आहे तो ‘पूर्ण’चा अर्थ कळून दर वाढवतो आणि निविदा हरतो, ज्याला नाही तो दर कमी ठेवतो, निविदा जिंकतो आणि काम अर्धे झाल्यावर भांडत बसतो. जे काम वेगळे मोजता येते त्याला वेगळी बाब द्यावी. जे वेगळे मोजता येत नाही ते ‘यासह’च्या यादीत नाव घेऊन लिहावे. ‘पूर्ण’ला त्यानंतर फारसे काम उरत नाही, आणि तसेच असलेले बरे.

हे नीट समजण्यासाठी मोखाडा तालुक्यातल्या उतारावर बांधायच्या दोन खोल्यांच्या शाळेचे उदाहरण घेता येईल. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली जमीन त्या भागातली आहे. खोडाळा, सूर्यमाळ किंवा जव्हारच्या पठाराच्या कडेला सपाट जागा असली की ती भातखाचरासाठी आधीच घेतलेली असते; शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांच्या वाट्याला उतार येतो. वर तांबूस मातीचा पातळ थर, खाली मुरूम, त्याखाली दख्खनचा काळा खडक कधी झिजलेला, कधी अखंड. पाऊस वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो आणि मृगाच्या आधी मिटतो.

इमारत बाहेरून १२ मीटर बाय ६ मीटर. उताराला आडवी ठेवलेली, म्हणजे लांब बाजू समपातळी रेषेला समांतर. रुंदीच्या ६ मीटरमध्ये जमीन १.२ मीटर उतरते. आठ खांब, चार वरच्या ओळीत, चार खालच्या. प्रत्येक पायाचा खड्डा दीड मीटर बाय दीड मीटर आणि दीड मीटर खोल. नकाशा कार्यालयातला ठरावीक नमुन्याचा, ज्याला ‘टाइप प्लॅन’ म्हणतात. तो सपाट जमिनीसाठी काढलेला असल्याने त्याच्या छेदात जमिनीची रेघ सरळ आडवी आहे. अंदाजपत्रक करणारा सरळ हिशेब करतो: दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे ३.३७५ घनमीटर, आठ खड्ड्यांचे २७ घनमीटर. हे सारे तो माती-मुरुमाच्या बाबीत टाकतो, कारण टाइप प्लॅनबरोबर आलेल्या टाइप अंदाजपत्रकात तसेच होते. कठीण खडकाची बाब यादीत नाही, किंवा ‘दरापुरती’ म्हणून १ घनमीटर परिमाणाने घातलेली आहे.

कंत्राटदार जागेवर चुन्याची आखणी करतो तेव्हा पहिला प्रश्न येतो: दीड मीटर कोणत्या जमिनीपासून? सगळ्या पायांचा तळ एकाच पातळीवर आणि तो खालच्या बाजूच्या जमिनीखाली दीड मीटर असे धरले, तर खालची ओळ दीड मीटर खोल जाते, पण वरची २.७ मीटर. चार खड्ड्यांच्या तळाचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. खालची ओळ १३.५ घनमीटर, वरची २४.३, एकूण ३७.८. अंदाजापेक्षा बरोबर ४० टक्के जास्त. शिवाय दीड मीटरच्या खालचा भाग दुसऱ्या उचलीचा, त्याची बाबच शेड्यूलमध्ये नाही.

दुसरा प्रश्न थरांचा. समजा वरच्या ओळीत ०.६ मीटर माती-मुरूम, पुढे ०.६ मीटर मऊ खडक आणि त्याखाली कठीण खडक आहे. खालच्या ओळीत ०.९ मीटर माती-मुरूम आणि त्यापुढे मऊ खडक. एकाच पातळीवरचा तळ धरला तर माती-मुरूम १३.५ घनमीटर, मऊ खडक १०.८ आणि कठीण खडक १३.५ भरतो. पण कठीण खडक १.२ मीटरवर लागला असताना त्यात आणखी दीड मीटर खोल जाण्याचे कारण नाही. त्यात ०.३ मीटर शिरून पाया टेकवला, म्हणजे प्रत्येक पाय आपापल्या जमिनीखाली दीड मीटरवर थांबवला, तर माती-मुरूम तोच १३.५, मऊ खडक तोच १०.८ आणि कठीण खडक फक्त २.७ घनमीटर उरतो. बेरीज पुन्हा २७. एक ओळ कठीण खडकावर आणि दुसरी मऊ खडकावर टेकल्याने होणारा फरक संकल्पचित्र करणाऱ्याने पाहायचा आहे. खांबांची उंचीही दोन ओळींत वेगळी येते आणि तीही नकाशात दिसली पाहिजे. पण पाचपट कठीण खडक फोडायचा की नाही, हे नकाशावरच्या एका ओळीवर ठरते: प्रत्येक पायाच्या तळाची पातळी दिलेली आहे की ‘जमिनीखाली १.५ मीटर’ असे मोघम लिहिले आहे.

यातून शेड्यूल कसे लिहायचे ते निघते. आधी दोन चाचणी खड्डे, एक वरच्या ओळीत, एक खालच्या. दोन मजूर एका दिवसात माती-मुरुमापर्यंत उतरतात. खडकाचा माथा समजला की काम झाले. मग नकाशावर समपातळी रेषा, एक कायमचा पातळी-दगड, आणि आठही पायांच्या तळाची पातळी. मग खोदाईच्या एका बाबीऐवजी तीन: माती-मुरूम १३.५, मऊ खडक १०.८, कठीण खडक २.७ घनमीटर. कठीण खडकाच्या बाबीत तो सुरुंगाने फोडायचा की छिन्नी-ब्रेकरने, हे स्पष्ट हवे. शाळेची जुनी खोली दहा मीटरवर असेल तर सुरुंग चालत नाही, आणि ब्रेकरचा दर निराळा असतो. मऊ कोणता आणि कठीण कोणता, हेही बाबीतच ठरावे. पहार-टिकावाने निघतो तो मऊ, त्याला दाद देत नाही तो कठीण, ही कसोटी सगळ्यांना माहीत असते. वाद होतो तो मधल्या थराबद्दल. तिथे स्पेसिफिकेशनमध्ये एक वाक्य पुरते: थर बदलला की पुढची खोदाई थांबवून दोन्ही बाजूंनी पातळी घ्यायची आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदवायची. खड्डा भरून गेल्यावर थर दिसत नाही. मग दगडाचा ढीग मोजून त्यातून पोकळीपोटी निम्मे माप वजा करण्याची रीत वापरावी लागते, आणि ढिगाच्या मापावर कुणाचेच समाधान होत नाही.

चुकीच्या शेड्यूलचा परिणाम निविदेच्या नमुन्यावरही अवलंबून असतो. महाराष्ट्रात खात्याचे दोन नमुने मुख्य आहेत. बी-१ मध्ये दर खात्याचेच छापलेले असतात आणि कंत्राटदार फक्त एकूण रकमेवर किती टक्के कमी किंवा जास्त ते भरतो. बी-२ मध्ये तो प्रत्येक बाबीचा दर स्वतः लिहितो. बी-१ मध्ये शेड्यूलमधली चूक कंत्राटदाराला दिसली तरी दुरुस्त करायला जागा नसते; तो ती टक्केवारीत मुरवतो, आणि ‘चार टक्के कमी’ऐवजी ‘सहा टक्के जास्त’ का आले हे कार्यालयाला कधीच कळत नाही. बी-२ मध्ये ती चूक तो वापरू शकतो. ज्याने जागा पाहिली त्याला कळते की माती-मुरुमाचे २७ घनमीटर भरणारच नाहीत आणि कठीण खडकाचा १ घनमीटर वाढणार. तो मातीचा दर पडेल ठेवतो, खडकाचा दर तिप्पट लिहितो. एका घनमीटरच्या तिप्पट दराने एकूण रकमेत फरक पडत नाही, म्हणून तो सर्वांत कमी ठरतो. बिल मात्र वाढलेल्या खडकाचे निघते.

यावर उपाय म्हणून दोन्ही नमुन्यांत कलम ३८ आहे. निविदेतली परिमाणे अंदाजी आहेत आणि एखादी बाब पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढली तर दर बदलणार नाही, असे ते म्हणते. त्यापुढचा भाग ठरावीक रकमेहून मोठा असला की त्याला निविदेचा दर लागत नाही. चालू दरसूचीवरून नवा दर निघतो. वरच्या उदाहरणात खडकाचे माप १.२५ घनमीटरच्या पुढे गेले आणि त्यापुढच्या भागाने ती रकमेची मर्यादा ओलांडली, की तिप्पट दराची हाव संपते. पण हे कलम कंत्राटदाराच्याही उपयोगी पडते, म्हणून ते खात्याच्या बाजूची ढाल आहे असे समजू नये. आणि ते फक्त असलेल्या बाबीला लागते. दुसऱ्या उचलीची बाब शेड्यूलमध्ये नसेल तर ती जादा बाब होते. तिच्यासाठी दरविश्लेषण करून प्रस्ताव वर पाठवावा लागतो, आणि तो परत यायला वेळ लागतो. खात्याच्या भाषेत याला ‘ईआयआरएल’ म्हणतात, आणि ही अक्षरे ऐकली की कनिष्ठ अभियंत्याच्या कपाळावर आठ्या येतात. मोखाड्यात या वेळेची किंमत वेगळी आहे. मंजुरी मेमध्ये अडकली, मृगाचा पाऊस आला आणि खड्डे भरले, की मुरुमाचा तळ मऊ पडतो, बाजू ढासळतात, आणि दिवाळीनंतर तोच खड्डा पुन्हा साफ करावा लागतो. पाणी उपसणे आणि तळ तयार करणे बाबीत आहेच, म्हणून खाते दुसऱ्यांदा पैसे देत नाही. उशीर खात्याचा होता, म्हणून कंत्राटदार मागतो.

त्याच उताराचा दुसरा हिशेब जोत्याच्या भरावाचा. टाइप प्लॅनमध्ये जोते जमिनीपासून ०.४५ मीटर. १२ बाय ६ म्हणजे ७२ चौरस मीटरवर ०.४५ मीटर भराव ३२.४ घनमीटर होतो. उतारावर मात्र वरच्या बाजूला ०.४५ धरले की खालच्या बाजूला १.६५ मीटर येते, सरासरी १.०५ मीटर, म्हणजे ७५.६ घनमीटर, मूळ आकड्याच्या दुपटीहून जास्त. इथे बाबीच्या वाक्यात दोन शब्दांना पैशाचा अर्थ आहे. भराव खोदाईतून निघालेल्या मालाने करायचा की बाहेरून आणलेल्या मुरुमाने? २७ घनमीटर खोदाईतला बराचसा माल पायांभोवती परत जातो, खडकाचे तुकडे जोत्यात चालत नाहीत, तेव्हा बाहेरचा मुरूम लागणारच. आणि माप सैल मालाचे की धुमसून बसलेल्या थराचे? कंत्राटदार मुरूम ब्रासमध्ये विकत घेतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर, त्याला पैसे मिळतात बसलेल्या घनमीटरचे. ७५.६ घनमीटर म्हणजे सुमारे २७ ब्रास. पण मुरूम धुमसल्यावर पाचव्या हिश्श्याने आटतो असे धरले तर गाडीने आणायचे ३३ ब्रास. बाब ‘२० सेंटिमीटरच्या थरात, पाणी मारून धुमसून, बसलेले माप’ एवढे सांगत असेल तर हा फरक कंत्राटदाराच्या दरात आधीच येतो. सांगत नसेल तर तो बिलाच्या दिवशी येतो.

दीड मीटरहून उंच झालेली खालच्या बाजूची जोत्याची भिंत आता नुसती जोत्याची भिंत राहिलेली नाही. मागचा ओला भराव ती थोपवून धरते. तिची जाडी वेगळी हवी, तळाशी पाणी निघायला भोके हवीत, भोकांमागे दगडगोट्यांची गाळणी हवी. नकाशात ही भोके ठिपक्यांनी दाखवलेली असतात आणि शेड्यूलमध्ये बहुधा नसतात. नळ्यांची बाब रनिंग मीटरमध्ये किंवा नगावर, गाळणीची बाब घनमीटरमध्ये अशी वेगळी द्यावी. न दिल्यास गवंडी भिंत बांधून मोकळा होतो आणि पहिल्या पावसाळ्यात ती फुगते.

काँक्रीटच्या बाबींत वेगळा सापळा आहे, आणि तो एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात चालत आलेला असतो. महाराष्ट्राच्या राज्य दरसूचीत आरसीसीच्या बाबींत शटरिंग दरातच धरलेले असते, सळई वेगळी मोजली जाते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्लीच्या दरसूचीत आरसीसीच्या बाबी शटरिंग आणि सळई दोन्ही वगळून असतात; शटरिंगची बाब चौरस मीटरमध्ये वेगळी येते. एखादा सल्लागार शेड्यूल तयार करताना काँक्रीट राज्याच्या सूचीतून घेतो आणि शटरिंगची बाब दुसऱ्या कामाच्या फायलीतून उचलतो. मग शटरिंगचे पैसे दोनदा जातात. उलट झाले, म्हणजे काँक्रीट दिल्लीच्या वाक्याचे आणि शटरिंगची बाब नाहीच, तर कंत्राटदार फळ्या, बल्ल्या आणि टेकूंचा खर्च कुठून काढायचा हे विचारत उभा राहतो. एका शेड्यूलमध्ये बाबी एकाच दरसूचीतल्या असाव्यात. दुसरीकडची घ्यावीच लागली तर तिच्या पुढे ‘यासह’ आणि ‘वगळून’ पुन्हा लिहावे.

स्पेसिफिकेशनमध्ये मिश्रणाबद्दलही असाच दुटप्पीपणा दिसतो. ‘एम-२०, प्रमाण १:१.५:३’ असे दोन्ही लिहिले की काय पाळायचे? घन चाचणीत ताकद उतरली पाहिजे की पोत्यामागे ठरलेली मापे पडली पाहिजेत? ठोकळा कमी ताकदीचा निघाला की कंत्राटदार प्रमाणाकडे बोट दाखवतो, आणि प्रमाण मोडलेले सापडले की ठोकळ्याकडे. दोन्हींपैकी एकच मागावे. लहान, दूरच्या कामात प्रमाण पाहणे सोपे, कारण ठोकळे प्रयोगशाळेत नेणे-आणणे हाच एक उद्योग होतो. ताकद मागायची असेल तर ठोकळ्यांची संख्या, चाचणीचा खर्च कुणाचा आणि नापास झाल्यावर काय, हेही लिहावे लागते.

काँक्रीट म्हटले की पाणी मारणे आले, आणि जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत ही बाब शेवटच्या रकान्यातली नव्हे. बांधकामाचा हंगाम आणि पाणीटंचाईचे महिने एकच आहेत. मार्च ते मे या काळात इथल्या कित्येक पाड्यांना टँकरने पाणी येते. वैतरणेवर मुंबईसाठी बांधलेले मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, तरी. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, आणि पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात किमान दहा दिवस ओले ठेवायला सांगते. दहा दिवस ओले ठेवणे हे आरसीसीच्या बाबीत ‘क्युरिंगसह’ या एका शब्दात असते. स्थानिक कंत्राटदार त्या शब्दात टँकर वाचतो आणि त्याप्रमाणे दर देतो. बाहेरचा त्यात विहीर वाचतो. दोघांनी एकाच कामाचा दर दिला असे मग म्हणता येत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये पाण्याचा स्रोत कंत्राटदाराने स्वखर्चाने उभा करायचा आहे, गावाच्या पिण्याच्या विहिरीतून किंवा टँकरमधून पाणी घेता येणार नाही, आणि क्युरिंगची नोंद रोजच्या वहीत दिवसागणिक ठेवायची आहे, एवढे उघडपणे लिहिले की दोन्ही दर एकाच पायावर येतात. शेवटच्या नोंदीमुळे एरवी न मोजता येणारे काम तपासता येते. हीच गोष्ट सिमेंट, खडी आणि वाळूच्या वाहतुकीची. माल विक्रमगडकडून घाट चढून येतो की त्र्यंबकच्या बाजूने, हे अंदाजपत्रकाला जोडलेल्या लीड-तक्त्यात दिसते, पण तो तक्ता निविदेत सहसा नसतो. दर ‘जागेवर पोहोचवून’चा आहे हे शब्द बाबीत असले पाहिजेत.

छप्पर पत्र्याचे असेल तर मोजणीची पद्धत हीच किंमत ठरवते. इमारतीच्या चारही बाजूंना ०.७५ मीटर पागोळी धरली तर आडव्या प्रक्षेपात १३.५ बाय ७.५, म्हणजे १०१.२५ चौरस मीटर. दोन्ही उतार २५ अंशांचे असतील तर उताराच्या पृष्ठावर ते १११.७ चौरस मीटर होते. भारतीय मानक १२०० चा छपराचा भाग पत्रा उतारावरून मोजायला सांगतो, पन्हळीचा घेर न धरता आणि एकावर एक चढलेला भाग वेगळा न मोजता. म्हणजे पत्र्याचा चढ कंत्राटदाराच्या खर्चाने. मग तो चढ किती, हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहिल्याशिवाय दर तुलनेला घेता येत नाही: आडवा चढ दोन पन्हळी, उभा १५ सेंटिमीटर की जास्त? जव्हारच्या पावसात वाऱ्याने पाणी पत्र्याच्या फटीत वर चढते. कमी चढ दिला तर गळती पहिल्याच जुलैत दिसते. पर्लिनचे लोखंड किलोत, रिज रनिंग मीटरमध्ये, आणि हुक-वॉशर पत्र्याच्या दरात. ही वाटणी बाबीतच ठरली पाहिजे.

मापाची पद्धत शेड्यूलच्या सुरुवातीला एकदाच सांगायची असते, आणि सांगितली नाही तर प्रत्येक बाबीत ती पुन्हा वादाला येते. गिलाव्यातले उघडे भाग हे नेहमीचे उदाहरण. भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे उघडे भाग वजा होत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरचे, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूने वजा होतात, कारण कडांच्या गिलाव्याचे माप त्यातच भरून निघते. तीनच्या वरचे दोन्ही बाजूंनी वजा होतात आणि कडा वेगळ्या मिळतात. १.२ बाय २.१ मीटरचा दरवाजा २.५२ चौरस मीटरचा, म्हणून एकाच बाजूने वजा. गवंड्याला हे विचित्र वाटते, पण दर त्याच नियमाने बसवलेला असतो. ब्रिटनमध्ये परिमाण मोजणाऱ्यांनी असा एकसारखा नियमसंच १९२२ साली छापला. त्यामागचे कारण हेच होते की मापाची रीत ठरल्याशिवाय दोन दरांची तुलना होत नाही. भारतीय मानक १२०० पहिल्यांदा १९५८ साली आले.

तयार शेड्यूल नकाशाशी जुळते की नाही, हे तपासायची जुनी रीत रंगीत पेन्सिलीची आहे. नकाशाची प्रत घ्यायची आणि शेड्यूलमधली बाब वाचून तिने झाकलेला भाग रंगवायचा. जे पांढरे राहिले ते सुटले. ज्यावर दोन रंग चढले ते दोनदा आले. उतारावरच्या शाळेत पांढरे राहतात ते सहसा हेच: खालच्या जोत्याला चढायच्या वाढीव पायऱ्या, पाण्याची भोके, वरच्या बाजूने उताराचे पाणी अडवणारी चर, रिजचे टोक, खिडकीचे बार. दुसरी तपासणी आकड्यांच्या नात्याची. दोन्ही बाजूंना गिलावा असलेल्या भिंतीचे घनमीटर जाडीने भागून दुप्पट केले की गिलाव्याच्या जवळपास यावे. पत्र्याचे चौरस मीटर इमारतीच्या क्षेत्रफळाहून नेहमी मोठे यावे. सळईचे किलो काँक्रीटच्या घनमीटराने भागल्यावर आकडा अचानक दहापट कमी किंवा जास्त निघाला, तर एकक घसरले आहे: टनाच्या जागी क्विंटल किंवा क्विंटलच्या जागी टन पडले आहे. अशी घसरण आज संगणकावर जास्त होते. महाटेंडर्सच्या पोर्टलवर चढवलेल्या परिमाणपत्रकाच्या फायलीत कंत्राटदाराला ठरलेल्या चौकटीबाहेर काही बदलता येत नाही. चूक जशीच्या तशी सगळ्यांच्या निविदेत छापली जाते.

आणि तीन कागद परस्परविरोधी बोलले तर कोणाचे ऐकायचे, याचा क्रम करारात लिहिलेला असावा. मोठ्या प्रमाणाचा तपशीलाचा नकाशा लहान प्रमाणाच्या नकाशावर, लिहिलेले माप पट्टीने मोजलेल्या मापावर, बाबीचे शब्द सर्वसाधारण स्पेसिफिकेशनवर. हा क्रम नसेल तर प्रत्येक जण आपल्याला सोयीचा कागद पुढे करतो. निविदापूर्व बैठकीत कंत्राटदार विचारतात ते प्रश्न बहुतेक याच फटीतून आलेले असतात: दीड मीटर कोणत्या जमिनीखाली, सुरुंग चालेल का, पाणी कुठून. जागेवर जाऊन आलेल्याचाच असा प्रश्न असतो, म्हणून तो शेड्यूल तपासणाऱ्याच्या कामाचा. बैठकीत तोंडी दिलेले उत्तर मात्र करारात येत नाही. ते शुद्धिपत्रक म्हणून पोर्टलवर निघाले, निविदा भरायच्या मुदतीपूर्वी निघाले, आणि निविदेच्या संचाला जोडले गेले, तरच खड्डा खणताना त्याचा आधार घेता येतो.